अँप्लिफायर बदलू नका, माईक जवळ आणा

तर झालं असं की गेल्या महिन्यात मी एका शोकसभेला गेलो होतो. लालबाग आणि परळच्या मधे एक जुना हॉल आहे, तिथे. हॉलचं नाव लिहीत नाही, कारण बाबा तिथल्या कमिटीवर आहेत आणि मला घरी जेवायचं असतं :)

गिरणीतून रिटायर झालेले, हॉलच्या सगळ्या कार्यक्रमांत खुर्च्या लावणारे एक आजोबा गेले होते. चार-पाच जणांची भाषणं झाली, आणि मग त्यांच्या पत्नीला दोन शब्द बोलायला बोलावलं. आजींचा आवाज मुळातच बारीक. पहिलं वाक्य सुरू झालं आणि स्पीकरने कुईऽऽ करून शिट्टी मारली. ऑपरेटरने घाबरून आवाज खाली आणला. पुढून कुणीतरी ओरडलं, "माईक वाढव रे!" त्याने वाढवला, परत शिट्टी. आजी दचकून माईकपासून आणखी मागे सरकल्या. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ऑपरेटरने फेडर खालीच ठेवला. मी शेवटच्या रांगेत होतो. आजी जवळजवळ पाच मिनिटं बोलल्या आणि आमच्या रांगेत त्यातला एक शब्द आला नाही. ऐकू आले ते फक्त पंखे.

पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग झाली. एकमताने ठरलं की सिस्टिम जुनी झालीय, मोठा अँप्लिफायर आणि दोन नवे बॉक्स घ्यायचे. कोटेशन आलं एक लाख चाळीस हजारांचं. पैसे कुठून? तर छताच्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून जमवलेल्या फंडातून. बाबांनी एक गोष्ट मात्र बरी केली. पैसे देण्याआधी एका ओळखीच्या साउंडवाल्या काकांना हॉल बघायला बोलावलं. हे काका गेली तीसएक वर्षं नाटकांचं आणि गणपतीतल्या कार्यक्रमांचं साउंड करतात. त्यांनी एक संध्याकाळ हॉलमध्ये काढली आणि दोन पानी चिठ्ठी लिहून दिली. टाईप करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ("तू कॉम्प्युटरवाला ना?" हे वाक्य इंजिनियरिंगला ऍडमिशन घेतल्यापासून माझ्या पाचवीला पुजलंय.)

टाईप करता करता लक्षात आलं की कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला जे मी पाठ करून पास झालो, ते या माणसाला हाताने कळलेलं आहे. चिठ्ठीचं पहिलंच वाक्य असं होतं :

"माननीय कमिटी, शिट्टी मारणारी मशीन बिघडलेली नसते. ती आपलाच आवाज परत परत ऐकत असते."

म्हणजे काय ते बघू. आपण माईकमध्ये बोलतो, आवाज मिक्सरमधून अँप्लिफायरमध्ये जातो, तिथून स्पीकरमधून बाहेर पडतो. तो प्रेक्षकांकडे जातो तसा थोडासा माईककडेही परत येतो. माईकला आपला-परका काही कळत नाही, तो ते परत आत पाठवतो. हे झालं एक चक्कर. आता सगळा प्रश्न एवढाच, की एक चक्कर मारून आल्यावर आवाज आधीपेक्षा लहान झाला की मोठा? लहान झाला तर तो विरून जातो. जराही मोठा झाला तर दर चक्राला वाढत जातो, अगदी चक्रवाढ व्याजासारखा.

आमच्या हॉलमध्ये बॉक्स माईकपासून सहा फुटांवर, म्हणजे साधारण दोन मीटरवर होता. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सेकंदात १७१ चकरा होतात. दर चक्राला फक्त पाच टक्के वाढ धरली तर?

```python
g = 1.05
n = int(343 / 2)   # 171
print(g ** n)
```

उत्तर येतं सुमारे ४२००. एका सेकंदात चार हजार पट! प्रत्यक्षात तेवढं होण्याआधीच अँप्लिफायरची ताकद संपते आणि शिट्टी तिथेच अडकून राहते. आता g च्या जागी ०.९५ टाकून बघा, आवाज सेकंदाभरात नाहीसा होतो. ऑपरेटरचा फेडर केसभर वर गेला की शांत हॉलमध्ये एकदम किंचाळी का उठते, ते या दोन आकड्यांत आहे.

हे सगळ्या स्वरांना एकाच वेळी होत नाही. जो स्वर चक्कर मारून येताना मूळ लाटेशी बरोबर जुळतो आणि ज्याला तो हॉल, तो बॉक्स आणि तो माईक सगळ्यात जास्त उचलून धरतात, तो स्वर आधी एकाची रेघ ओलांडतो. म्हणून ऐकू येते ती एकच सुरेल शिट्टी, नुसता गोंगाट नाही. सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला होता, म्हणून याला लार्सन इफेक्टही म्हणतात. आपल्याकडे सगळे फीडबॅकच म्हणतात.

आता मुद्दा मोठ्या अँप्लिफायरचा. कमिटीला हाच सगळ्यात पटत नव्हता, आणि माझ्या मते चिठ्ठीतला हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. काका लिहितात :

"वॅट वाढवल्याने शिट्टी उशिरा येत नाही. शिट्टी येते ती आवाज किती फिरून माईकमध्ये येतो त्यावर. शंभर वॅटचा अँप्लिफायर जिथे शिट्टी मारतो, तिथेच, त्याच आवाजाला, हजार वॅटचाही मारणार. फक्त जास्त जोरात मारेल."

वॅट म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा. टाकी किती मोठी आहे ते वॅट सांगतात, नळ किती उघडलाय ते नाही. आमच्या हॉलमध्ये टाकी भरण्याच्या खूप आधीच शिट्टी येत होती, मग मोठी टाकी घेऊन करणार काय? शंभराचा दोनशे वॅट केला तरी ती मर्यादा वाढते फक्त ३ डीबीने, आणि शिट्टीच्या हिशोबात त्यातला एकही मिळत नाही.

यासाठी काकांनी एक साधी परीक्षा दिली आहे, ती कुठल्याही हॉलला लागू पडते. माईकवर एकाला सलग बोलायला लावा आणि आवाज हळूहळू वाढवा. आधी आवाज फाटला, घरघरला, तर ताकद कमी पडतेय. तेव्हा जरूर नवीन अँप्लिफायर घ्या. पण आवाज स्वच्छ असतानाच शिट्टी आली, तर पैसे खर्च करू नका, वस्तू हलवा. आमच्याकडे शिट्टी आली तेव्हा आवाज काचेसारखा स्वच्छ होता.

वस्तू हलवा म्हणजे नक्की काय? चिठ्ठीत चार गोष्टी आहेत, आणि त्यांचा क्रम काकांनी मुद्दाम लावलाय.

पहिली, तोंड आणि माईक यांतलं अंतर. आमच्या पोडियमवरचा माईक दोन फूट लांब होता. कारण? अध्यक्षांचा फोटो नीट यावा! तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की माईकमध्ये जाणारा आवाज ६ डीबीने वाढतो. दोन फुटांचा एक फूट केला की ६, एका फुटाचे सहा इंच केले की आणखी ६. मिळून बारा डीबी, आणि खर्च शून्य. स्पीकरमधून परत येणारा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी फेडर बारा डीबी खाली ठेवता येतो. आता आजींचं आठवा. शिट्टी आली म्हणून त्या मागे सरकल्या. साहजिकच आहे, कुणीही सरकेल. पण त्यामुळे त्यांचा आवाज माईकमध्ये आणखी कमी गेला, ऑपरेटरला आणखी वाढवावा लागला, आणि शिट्टी पक्की झाली. तेव्हा कुणीतरी पुढे होऊन माईक त्यांच्या ओठांशी धरायला हवा होता, बस.

दुसरी, किती माईक चालू आहेत. स्टेजवर चार माईक होते : पोडियमचा, अध्यक्षांच्या टेबलावरचा, निवेदकाचा कॉर्डलेस आणि एक असाच, लागला तर असावा म्हणून. चारही कायम चालू. प्रत्येक चालू माईक स्पीकरचा आवाज ऐकतो आणि आत पाठवतो. माईकची संख्या दुप्पट झाली की ३ डीबी गमावले. चाराचे ६ गेले. "आमच्या वेळी असला त्रास नव्हता," असं कमिटीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आणि ते अगदी खरं बोलत होते. त्यांच्या वेळी एकच माईक होता! त्याच्याही आधी तर तोही नसायचा. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं (२०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं). तिथे सुरुवातीच्या काळात उभ्या राहिलेल्या नटाचा गळा हाच अँप्लिफायर होता. गळ्याला फीडबॅक येत नाही.

तिसरी, बॉक्स कुठे आहे आणि माईकची पाठ कुठे आहे. भाषणाचे बरेचसे माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात. ज्याला कार्डिऑइड म्हणतात तो सरळ पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. म्हणजे बॉक्स माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवा, आणि माईकची पाठ त्याच्याकडे. आमचे बॉक्स आधी तसेच होते. मग एका सत्काराच्या वेळी फुलांची कमान मावेना म्हणून ते मागे, पोडियमच्या रेषेच्याही मागे ढकलले, आणि तिथेच राहिले. म्हणजे स्पीकर थेट माईकच्या तोंडात ओरडत होते. त्यात स्टेजची मागची भिंत ऑइलपेंटची, गुळगुळीत. प्रेक्षकांकडून परत फिरलेला आवाज तिच्यावर आपटून पुन्हा माईकच्या तोंडावर येतो. काकांचा उपाय : बॉक्स पुढे आणून माईकपासून बारा फुटांवर ठेवा, आणि भिंतीवर चुण्या असलेला जाड पडदा सोडा.

याच मुद्द्यात एक उपमुद्दा आहे, जो मला माहीतच नव्हता. हातातल्या माईकच्या जाळीला मूठ मारून धरू नका. त्या जाळीमागे छोटी छिद्रं असतात, मागून येणारा आवाज रद्द करण्याचं काम त्यांच्यामुळे होतं. ती झाकली की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. शिट्टी आल्यावर घाईने माईकवर हात ठेवणारे निवेदक आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते आगीवर रॉकेल ओततात.

चौथी, आणि काकांच्या मते सगळ्यात शेवटची, इक्वलायझर. वरच्या तीन गोष्टी झाल्यावर रिकाम्या हॉलमध्ये आवाज हळूहळू वाढवायचा. पहिली शिट्टी जिथे घुमायला लागते ती पट्टी शोधून फक्त तेवढीच ३ डीबी खाली ओढायची. परत वाढवायचा, दुसरी शोधायची. अशा तीन-चार झाल्या की थांबायचं. त्यापुढे गेलात तर शिट्टीबरोबर बोलणंही कापलं जातं आणि माणूस माठातून बोलल्यासारखा वाटतो. फीडबॅक मारणारी ऑटोमॅटिक मशीन मिळते ती हेच काम करते. वाईट नाही, थोडे डीबी देते. पण माईक दोन फुटांवर असेल तर ती तरी किती कापणार?

आता हिशोब. माईक जवळ आणून १२, तीन माईक बंद करून ६, बॉक्स दुप्पट लांब नेऊन आणखी ६, एकूण २४ डीबी. मी एक्सेलमध्ये हे मांडून काकांना कौतुकाने दाखवलं. काका हसले. म्हणाले, "अरे बाळा, हे नरे पार्कच्या मैदानात. इथे भिंती आहेत."

मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबी कमी होतो, कारण गेलेला आवाज परत येत नाही. हॉलमध्ये बॉक्समधून थेट येणारा आवाज अंतराने कमी होतो, पण भिंतीवरून, छतावरून फिरून आलेला सगळीकडे जवळपास सारखाच भरून राहतो. आमच्या हॉलच्या आकाराला (साठ फूट लांब, तेहतीस रुंद) आणि घुमण्याला साधारण दहा फुटांपलीकडे हा फिरता आवाजच भारी पडतो. त्यामुळे बॉक्स सहावरून बारा फुटांवर नेल्याचे ६ नाही, तीन-साडेतीनच मिळतात, आणि तो आणखी लांब नेऊन फारसं काही हाती लागत नाही. म्हणूनच तोंडाजवळचं अंतर पहिल्या नंबरवर आहे. ओठ आणि माईक यांच्यामध्ये कुठलीच भिंत येत नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही करून बघितलं. बाबा, काका, ऑपरेटर आणि मी. मी पोडियमवर उभा राहून नेहमीच्या आवाजात पेपर वाचत होतो, काका शेवटच्या रांगेत मीटर घेऊन बसले. जुन्या मांडणीत शिट्टी सुरू व्हायच्या काठावर शेवटच्या रांगेत माझा आवाज होता ५८ डीबी. पण काठावर कुणी कार्यक्रम चालवत नाही. काठाच्या जवळ गेलं की शिट्टी नसली तरी प्रत्येक शब्दाला शेपूट लागतं, घुमतं. दर चक्राला आवाज नव्वद टक्के उरत असेल, तर तो एक स्वर दहा पट फुगून ऐकू येतो. निम्माच उरत असेल तर फक्त दुप्पट. म्हणून काठापासून ६ डीबी खाली राहायचं, म्हणजे ५२. आणि नुसते पंखे होते ५०! आजींचा शब्द आमच्यापर्यंत का आला नाही ते या दोन आकड्यांत सगळं आलं.

मग माईक सहा इंचांवर घेतला, बाकीचे तीन बंद केले, बॉक्स पुढे आणले. काठ आला ७२ वर. कागदावरच्या २४ पैकी १४ मिळाले. ६ सोडून द्या, राहिले ६६. पंख्यांच्या वर सोळा डीबी. काकांनी शेवटच्या रांगेतून हात वर केला, "पेपरात काय छापलंय ते पण कळतंय रे!" अँप्लिफायर तोच. आणि हा तर रिकामा हॉल. माणसं बसली की त्यांचे कपडे आवाज शोषतात, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी थोडं आणखी हातात राहतं.

मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं असं की हा साउंडचा प्रश्न नाही, कमिटीचा आहे. माईक कुठे ठेवायचा हे ऑपरेटर ठरवत नाही, फोटोग्राफर ठरवतो. बॉक्स कुठे हे डेकोरेशनवाला ठरवतो. किती माईक हे मानपान ठरवतं; अध्यक्षांच्या टेबलावरचा माईक बंद करायची कुठल्या ऑपरेटरची छाती आहे? आणि शिट्टी आली की सगळे बघतात त्या ऑपरेटरकडे, ज्याच्या हातात फक्त एक फेडर आहे. आमच्या ऑफिसातही असंच चालतं. डिझाइनचे निर्णय वरती होतात आणि सर्व्हर पडला की रात्री दोनला फोन सपोर्टवाल्याला. मग शेवटी ठरतं, मोठा सर्व्हर घ्या.

नवीन सामान कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. वर सांगितलेल्या परीक्षेत आवाज फाटला तर घ्यावंच लागेल. पण छताचे पैसे त्यात घालण्याआधी ती दहा मिनिटांची परीक्षा करायला काय हरकत आहे? काकांनी मोठा अँप्लिफायर घ्या म्हटलं असतं तर तो बसवायचं काम त्यांनाच मिळालं असतं. त्यांनी उलट लिहून दिलं, आणि बिल लावलं एका संध्याकाळचं.

मीटिंगमध्ये चिठ्ठी वाचली गेली. खरेदी पुढे ढकलली, रद्द नाही. पडद्याला मंजुरी मिळाली. बॉक्स पुढे ठेवायला डेकोरेशन बघणाऱ्यांचा अजून विरोध आहे, त्यांच्या मते कमान "दिसत नाही". चिठ्ठी नेहमीप्रमाणे फाईलला लागणार होती. मी तिची एक प्रिंट काढून मिक्सरच्या वरच्या भिंतीवर चिकटवली आहे, मोठ्या फॉन्टमध्ये. त्यात चिठ्ठीत नसलेली एक ओळ मी माझ्या पदरची घातलीय : "बोलणारी व्यक्ती मागे सरकली, तर आवाज वाढवू नका. उठून माईक त्यांच्याजवळ न्या."

असो. पुढच्या महिन्यात आजोबांच्या नावाने ज्येष्ठांसाठी एक छोटा कार्यक्रम आहे. आजी परत बोलणार आहेत. माईक धरायला मी उभा राहणार आहे, आणि जाळीला हात लावणार नाही.